आत्याची रजेची वही

आमच्या आत्याच्या साहेबांचा आवाज काढायचा असेल तर आधी मनगटावरचं घड्याळ दोनदा फिरवायचं, मग घशात काहीतरी अडकल्यासारखं खाकरायचं आणि मग म्हणायचं, 'बघू.' त्यातला 'ब' पोटातून काढायचा आणि 'घू' नाकातून सोडायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं काम झालंच. मला हे इतकं जमतं की एकदा मी मागून 'बघू' म्हणाले तर आत्याच्या हातातला डबा पडला. त्यांना सगळे बघूसाहेबच म्हणतात. तोंडावर अर्थात नुसतं साहेब.

आत्या एका धुलाईच्या कारखान्यात आहे. चार हॉटेलं आणि दोन दवाखाने यांच्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे, पडदे तिथे धुवायला येतात. पिंपाएवढाल्या यंत्रांतून कपडे निघतात, वाफेच्या गरम रोलरमधून चादरी पापडासारख्या सपाट होतात आणि शेवटी येतात आत्याच्या टेबलावर. त्या टेबलाला वर काच आणि खाली नळ्यांचे दिवे. चादर काचेवरून ओढायची आणि बघायचं: डाग, भोक, उसवण. डाग दिसला की परत धुवायला, भोक दिसलं की शिवायला, काहीच नसलं की घडी. एका पाळीत सातशे चादरी. एकोणीस वर्षं आत्या हेच करतेय, त्यामुळे घरी कुणाच्या शर्टावर थेंबभर काही सांडलं तरी ती दाराशीच 'खांद्यावर डावीकडे' असं म्हणते आणि पुढे जाते.

तर अशा बाईच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला.

तिला ते कळलं कसं, तर दिवसभरात तिने डाग म्हणून अकरा चादरी परत पाठवल्या आणि अकराही स्वच्छ निघाल्या. डाग डोळ्यात होता. डॉक्टरांनी बघितलं, म्हणाले शस्त्रक्रिया करून टाका, छोटीच आहे, पण तुमचं काम वाफेत आणि कपड्यांच्या धुरळ्यात, तेव्हा नंतर दोन आठवडे तिकडे फिरकायचं नाही. तारीख मिळाली नऊ, सोमवार. ही तारीख हुकली असती तर पुढची चार महिन्यांनी. म्हणजे आत्याला नऊ तारखेपासून एकवीस तारखेपर्यंत रजा हवी होती. एवढंच.

एवढंच, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पण रजा द्यायची बघूसाहेबांनी.

त्यांची पद्धत अशी. तुम्ही रजा मागायला गेलात की ते नाही म्हणत नाहीत. नाही म्हटलं तर माणूस वर तक्रार करतो. ते 'बघू' म्हणतात, 'अहो जा की, मी आहे ना' म्हणतात, अर्ज दिला तर 'ठेवा तिथे' म्हणतात. 'तिथे' म्हणजे टेबलाच्या उजव्या कोपऱ्यावर. तिथून तो अर्ज खणात जातो आणि खणातून आजवर एकही अर्ज जिवंत बाहेर आलेला नाही. तुम्ही रजेवर जाऊन परत येता, काम सुरळीत चाललेलं असलं तर कुणी काही बोलत नाही. पण मध्ये कुठल्या हॉटेलाची गाडी उशिरा गेली, बोंब झाली, की तुमच्या हातात पत्र: 'विनापरवानगी गैरहजर.' तुम्ही म्हणायचं, साहेब, तुम्हीच जा म्हणालात. साहेब घड्याळ फिरवणार आणि म्हणणार, 'मी नाही म्हटलं होतं असं नाही. पण हो म्हटलं होतं असंही नाही.'

मी आत्याकडेच राहते, आणि हे वाक्य जेवताना म्हणून दाखवते. आतोबांना, म्हणजे आत्याच्या यजमानांना, त्यावर ठसकाच लागतो.

आत्याला अशी दोन पत्रं मिळालेली होती. पहिलं, ती माझ्या बाबांच्या घरबदलीला दोन दिवस आली होती तेव्हाचं. दुसरं, आतोबांचा पाय मुरगळला होता तेव्हाचं. दोन्ही वेळा साहेबांनी तोंडाने जा म्हटलेलं. आणि कारखान्याचा नियम असा की एका वर्षात तिसरं पत्र मिळालं की चौकशी, आणि चौकशीत दोष ठरला की घरी. एकोणीस वर्षांची नोकरी आणि हातात गठुळं. म्हणून या वेळी आत्याला झोप लागेना. डोळ्याची भीती नव्हती तिला. डोळा डॉक्टर बघणार होते. नोकरी बघूसाहेब बघणार होते, ही भीती.

दुसरं पत्र मिळालं तेव्हा ती मोठ्या कचेरीत गेली होती रडत. मोठी कचेरी म्हणजे कारखान्याच्या आवाराच्या दुसऱ्या टोकाला एकमजली इमारत. तिथे खिडकीशी आवक-जावकच्या बाई बसतात. येईल त्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर घालायचा, वहीत नोंद करायची. या बाईंची नक्कल फार कठीण. आवाज अगदी सपाट, वर नाही खाली नाही, आत्याच्या रोलरमधून काढलेला. त्यांनी आत्याला रडू दिलं, शिक्के मारत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "बाई, तोंडाचं कान ऐकतात. फाईलला कान नसतात."

मग त्यांनी सांगितलं ते आत्या घरी येऊन आम्हाला तीनदा सांगत बसली. अर्ज दोन प्रतींत करायचा, एकीवर 'मिळाला' अशी सही घ्यायची. सही देत नसतील तर त्याच दिवशी संदेश पाठवायचा की अमुक वाजता अर्ज टेबलावर ठेवला. तोंडी काही बोलणं झालं की काम सुटायच्या आत लिहून पाठवायचं: आपण असं विचारलं, त्यांनी असं सांगितलं, काही चुकत असेल तर कळवा. एक प्रत घरी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उत्तर आलं नाही म्हणजे हो नव्हे. उत्तर आलं नाही तर परत विचारायचं. पुन्हा नाही, तर पुन्हा.

आणि एक वही करायची. तारीख, वार, वेळ, कोण होतं, काय बोललं.

वही आत्याने त्याच दिवशी आणली, शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. पहिलं पान तिने आणि आतोबांनी मिळून लिहिलं. आतोबा शाळेची बस चालवतात, त्यामुळे त्यांच्याकडे शब्दांचा साठा मोठा आहे. पहिली नोंद अशी होती: 'सकाळी गेले. मेल्याने खुर्ची फिरवली आणि माज दाखवला. याचं कधी भलं होणार नाही. हा बैल आहे.' 'बैल' आतोबांच्या अक्षरात.

ती वही आत्या मोठ्या अभिमानाने आवक-जावकच्या बाईंना दाखवायला घेऊन गेली. बाईंनी चष्मा लावून वाचलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"खुर्ची फिरवली ही माहिती," त्या म्हणाल्या. "माज हे मत. बैल हे..." इथे त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "हे मी ठरवू शकत नाही. चौकशीत वही वाचली गेली तर बैल कोण, यावरच दुपार जाईल."

आत्या म्हणाली, फाडून टाकू का पान? तर बाई म्हणाल्या, पान फाडलं की वही खोटी दिसते, मागचं सुधारून लिहिलं की आणखी खोटी. राहू द्या. पुढच्या पानापासून शहाण्यासारखं लिहा.

तेव्हापासून आत्याची वही वाचताना धमाल येते, कारण सगळा राग तिला माहितीत कोंबावा लागतो. 'साहेब माझ्याकडे न बघता सहा मिनिटं फोनवर कारच्या टायरबद्दल बोलले. मी उभी होते.' किंवा, 'साहेबांनी अर्ज न वाचता त्यावर चहाचा कप ठेवला. कप भरलेला होता.' आतोबा म्हणतात, एवढं लिहून मन कसं शांत होतं तुझं? आत्या म्हणते, होत नाही, पण वेळ बरोबर लिहिली की जरा बरं वाटतं.

आता या रजेचं. आत्याने आदल्या महिन्याच्या वीस तारखेला, मंगळवारी, म्हणजे जवळजवळ तीन आठवडे आधी अर्ज केला. दोन प्रती, डॉक्टरांच्या चिठ्ठीची नक्कल जोडलेली. साहेब म्हणाले, ठेवा तिथे. आत्याने दुसरी प्रत पुढे केली, म्हणाली यावर मिळाला म्हणून सही द्या. साहेबांनी त्या कागदाकडे असं बघितलं जणू आत्याने त्यांच्या टेबलावर ओला टॉवेल ठेवला. म्हणाले, आपल्यात सह्या कशाला हव्यात, आपण काय परके आहोत?

आत्या बाहेर आली, जिन्याखाली उभी राहून तिने संदेश टाइप केला. 'साहेब, आज मंगळवारी सकाळी दहा वीसला माझा डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठीचा रजेचा अर्ज आपल्या टेबलावर उजव्या कोपऱ्यात ठेवला आहे. आपण ठेवा म्हणालात.' मग दुसरी प्रत घेऊन ती मोठ्या कचेरीत गेली आणि खिडकीतून शिक्का मारून, नंबर घालून घेतला. साहेबांचं उत्तर नाही. संदेश वाचल्याच्या दोन निळ्या खुणा मात्र आल्या. त्याही आत्याने वहीत लिहिल्या: 'दहा एकतीसला वाचला.'

शनिवारी परत विचारलं. साहेब मालाच्या गाडीजवळ होते. म्हणाले, 'अहो जा की, डोळा आहे, खेळ आहे का, मी आहे ना.' आणखी कुणी असतं तर तिथेच पाया पडून घरी गेलं असतं. आत्या पुन्हा जिन्याखाली. 'साहेब, आत्ता साडेअकराला गाडीजवळ आपण मला रजेवर जा म्हणालात. त्याप्रमाणे रजा मंजूर आहे असं मी समजू का? कृपया कळवा.' दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

आतोबा म्हणाले, झालं की आता, तो जा म्हणाला, तू लिहिलंस, त्याने वाचलं. आत्याने खिडकीवर जाऊन विचारलं. आवक-जावकच्या बाई म्हणाल्या, वाचलं म्हणजे मंजूर केलं असतं तर मी रोज दीडशे रजा मंजूर करते. परत विचारा.

नऊ तारीख जवळ येत चालली. आत्या घरात अशी फिरायची की तिच्या वाटेत कुणी येऊ नये. शस्त्रक्रिया पुढे ढकलावी का, असंही एकदा म्हणाली. एका डोळ्याने सातशे चादरी होत नव्हत्या. पाचशेवर आली होती ती, आणि पाचशेची तक्रारही बघूसाहेबांकडेच जायची. म्हणजे गेली तर तिसरं पत्र, न गेली तर कामात कसूर. आतोबा म्हणाले, इकडे आड आणि तिकडे बघू.

आता बघूसाहेबांची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. हा माणूस दुसऱ्याची चूक बघून गप्प बसूच शकत नाही. सूचनाफलकावर कुणी काही लावलं की लाल पेनने त्यात दुरुस्ती. मालाच्या यादीची बेरीज ते तोंडाने मोठ्याने करून बघतात. एकदा म्हणे कारखान्यात आगीची घंटा वाजली, सगळे अंगणात पळाले, तर हे दाराशी उभे राहून, ओळी चुकल्या, पहिली पाळी डावीकडे, असं सांगत होते. आग लागलेलीच नव्हती, पण ते कळायच्या आधी, आत धूर कुठे आहे हेही न बघता, त्यांनी ओळी लावल्या. स्वतः काही लिहून देणार नाहीत, पण दुसऱ्याने चुकीचं लिहिलं तर त्यांच्या हाताला खाज सुटते.

बुधवारी, अठ्ठावीस तारखेला, आत्याने तिसरा संदेश लिहिला. स्वयंपाकघरात कॅलेंडर काढून टेबलावर पसरलं आणि बोटाने चौकोन मोजले: नऊ, दहा, अकरा, असं करत एकवीसपर्यंत. डोळा धूसर, पण चौकोन मोठे. तेरा आले. तिने लिहिलं: 'साहेब, नऊ ते एकवीस अशी माझी तेरा दिवसांची रजा आहे. आपण मंजूर केली आहे की नाही, कृपया शुक्रवारपर्यंत कळवा. नसेल तर मला मोठ्या कचेरीत विचारावं लागेल.'

आणि पाठवून ती भांडी घासायला लागली, कारण उत्तर येणार नाही हे तिला माहीत होतं.

चार मिनिटांत फोन वाजला. आतोबांनी उचलून बघितलं आणि तिथेच खुर्चीत बसले. मला वाटलं नोकरीच गेली. त्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि मी वाचून दाखवलं. अर्थातच त्यांच्याच आवाजात:

"तेरा नाही, बारा. मधला रविवार सुट्टीच असतो. मी बाराच दिवस मंजूर केलेत. मोजायला शिका."

आत्या ओल्या हातांनी आली. म्हणाली, परत वाच. मी परत वाचलं, या वेळी 'मोजायला शिका' जरा जास्त नाकातून. ती हसली नाही. तिने हात पुसले, कॅलेंडर ओढलं, बोटाने परत मोजलं आणि मधल्या रविवारावर थांबली.

"खरंच की," ती म्हणाली. "बाराच आहेत."

कारखाना रविवारी बंद असतो हे एकोणीस वर्षं तिथे जाणाऱ्या बाईला माहीत नव्हतं असं नाही, पण चौकोन मोजताना कोण लक्षात ठेवतं? आतोबांचं आजही म्हणणं आहे की तिने सापळा लावला. गल्लीतही सगळ्यांना त्यांनी तसंच सांगितलंय. आत्या म्हणते, मुद्दाम चूक करायची असती तर मी चौदा लिहिले असते, जरा मोठी केली असती.

तिने उत्तर लिहिलं: 'चूक झाली. बारा दिवस मंजूर, कळलं. आभारी आहे.' मग फोनवरच्या त्या पानाचा फोटो काढला, वर साहेबांचं नाव, नंबर, तारीख, वेळ सगळं दिसेल असा, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन प्रती छापून आणल्या. एक वहीत चिकटवली, एक घरच्या कपाटात. खिडकीवर मात्र ती कागद द्यायला गेली नाही. तिला वाटलं, आता झालं, आता कशाला त्या बाईंना त्रास. ती एक तिची खरी चूक.

सोमवारी शस्त्रक्रिया झाली. दोन आठवडे आत्या काळा चष्मा लावून घरात बसली आणि दर चार तासांनी डोळ्यात थेंब घालायला आतोबांना हाका मारत राहिली. तिकडे कारखान्यात काय झालं, तर दुसऱ्या आठवड्यात एका हॉटेलात मोठं लग्न आलं, चादरींचे डोंगर आले, आत्याच्या टेबलावर बसवलेल्या नव्या मुलीला डाग आणि सावली यांतला फरक कळेना, आणि हॉटेलाला डाग पडलेल्या चाळीस चादरी गेल्या. हॉटेलवाल्यांनी थेट मालकांना फोन केला. मालकांनी साहेबांना विचारलं, तपासणीवरची बाई कुठे होती?

तेवीस तारखेला आत्या डॉक्टरांचा 'कामावर जाण्यास योग्य' असा दाखला घेऊन कामावर गेली आणि दाराशीच तिच्या हातात पत्र दिलं. विनापरवानगी गैरहजर. तिसरं. शुक्रवारी अकरा वाजता चौकशी.

मी तिथे नव्हते, पण आत्याने घरी येऊन सगळं सांगितलं, आणि नंतर आवक-जावकच्या बाईंनीही, कारण चौकशीची नोंद त्यांनीच केली. दोघींचं जुळतं, फक्त बाईंच्या सांगण्यात कुणीच घाम पुसत नाही.

मोठ्या कचेरीच्या आतल्या खोलीत लांब टेबल. एका बाजूला मोठ्या कचेरीच्या अधिकारी बाई, समोर फाईल. एका बाजूला बघूसाहेब. समोर आत्या, मांडीवर निळी वही. कोपऱ्यात नोंद घ्यायला आवक-जावकच्या बाई. आत्याच्या पाठीशी आतोबा बाहेर बाकावर, बस सोडून आलेले, आणि दर पाच मिनिटांनी दारातून डोकं घालणारे.

अधिकारी बाईंनी सुरुवात केली. फाईलमध्ये अर्ज आहे, शिक्का आहे, वीस तारखेचा. चांगलं आहे. पण अर्ज दिला म्हणजे रजा मिळाली असं होत नाही. मंजुरी कुठे आहे? साहेब म्हणाले, तेच तर. अर्ज टेबलावर असेल, मी कधी मंजूर केली? बाई मनाने गेल्या. डोळ्याचं आहे, मला वाईट वाटतं, पण शिस्त आहे. आणि घड्याळ फिरवलं.

आत्याने वही उघडली. तिने आधी तारखा वाचल्या; तारखा वाचताना आवाज सरळ होतो असं तिचं म्हणणं. वीस तारीख, दहा वीस, टेबल. चोवीस तारीख, साडेअकरा, गाडीजवळ. वाचता वाचता पान चुकून मागे गेलं आणि अधिकारी बाईंच्या नजरेला पहिलं पान पडलं. त्यांनी वाचलं. 'हे बैल...' त्या म्हणाल्या. आत्या म्हणाली, ती माहिती नाही, बाई, मत आहे, तेव्हा मला फरक माहीत नव्हता. अधिकारी बाईंनी पाण्याचा पेला उचलून बराच वेळ प्यायला.

मग आत्याने चिकटवलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला, आणि त्याच्या बाजूला फोन, मूळ संदेश उघडून.

अधिकारी बाईंनी कागद वाचला. फोनवर वाचला. तारीख बघितली, नंबर बघितला, स्वतःच्या फोनमध्ये साहेबांचा नंबर बघितला. मग दोन्ही साहेबांच्या पुढे सरकवलं.

"हे तुम्ही पाठवलंय?"

साहेबांनी बघितलं. आत्या सांगते, आधी त्यांचा चेहरा पांढऱ्या चादरीसारखा झाला, आणि मग हळूहळू, ते वाक्य दुसऱ्यांदा वाचताना, त्यावर जरा तेज आलं.

"पण हिशेब बरोबर आहे ना?" ते म्हणाले. "त्यांनी तेरा लिहिले होते."

बाहेर बाकावरून आतोबांचा खोकला आला, तो खोकला नव्हता.

अधिकारी बाई म्हणाल्या, हिशेब बरोबर आहे. नियमात लेखी मंजुरी म्हटलंय, कागदावरच पाहिजे असं म्हटलेलं नाही, त्यामुळे तोही प्रश्न नाही. साहेब म्हणाले, तसं काही नाही, तो संदेश दिवसांबद्दल होता, रजेबद्दल नव्हता. बाईंनी परत वाचून दाखवलं: मी बाराच दिवस मंजूर केलेत. साहेब म्हणाले, 'बाराच' यावर जोर आहे त्यात. बाई म्हणाल्या, माझा 'मंजूर केलेत' यावर आहे.

पुढचं फार नाही. आधीची दोन पत्रंही एकदा बघू या, असं बाई म्हणाल्या तेव्हा साहेबांनी घड्याळ फिरवलं नाही, काढूनच टेबलावर ठेवलं. मग बाईंनी फाईल मिटली आणि आत्याला म्हणाल्या, झालं, तुमचं पत्र रद्द, काळजी करू नका, जा कामाला.

साहेब उठून निघून गेले, आवक-जावकच्या बाईही खिडकीवर परतल्या. आतोबा दारात दोन्ही हात वर करून उभे. आत्या उठली नाही.

बाई म्हणाल्या, अहो जा, झालं ना. आत्या तशीच. आतोबांनी खुणा केल्या, चल, चल. त्यांना बस घेऊन दोन वाजता शाळेवर जायचं होतं. आत्याने वही उघडली, पेनचं टोपण काढलं आणि फार हळू आवाजात म्हणाली:

"बाई, हे तुम्ही आत्ता तोंडाने म्हणालात. रागावू नका. पण लिहून द्या."

अधिकारी बाईंनी फाईल बाजूला सरकवली. मग म्हणाल्या, सोमवारी पाठवते. आत्या म्हणाली, मी बसते. बाई म्हणाल्या, छापायचं यंत्र बिघडलंय. आत्या म्हणाली, हाताने लिहिलेलं मला वाचता येतं, आता दोन्ही डोळ्यांनी येतं.

ती बसली. आतोबा वाट बघून बघून शाळेवर निघून गेले. सव्वा तास ती त्या खोलीत बसली होती. बाईंनी मधे दोन फोन घेतले, एकदा बाहेर जाऊन आल्या, परत आल्या तरी आत्या खुर्चीतच होती. शेवटी बाईंनी कंपनीचा कागद ओढला आणि हाताने लिहिलं: अमुक तारखेचं पत्र रद्द करण्यात येत आहे, बारा दिवसांची रजा मंजूर धरण्यात येत आहे, आधीच्या दोन पत्रांची फेरतपासणी होईल. सही केली. आत्याने कागद घेतला, खिडकीकडे धरला, प्रकाशात खालून वर बघितला, चादर बघतात तसा, आणि परत दिला.

"तारीख राहिली," ती म्हणाली.

बाईंनी तारीख घातली. आत्या बाहेर खिडकीवर गेली, आवक-जावकच्या बाईंनी शिक्का मारला, नंबर घातला, नोंद केली. फक्त शिक्का नेहमीपेक्षा जरा जोरात आपटला. मग आत्या टेबलावर जाऊन बसली. पाळी संपायला अडीच तास होते. तिने दोनशे सत्तर चादरी काढल्या आणि वहीत तेही लिहून ठेवलं.